गर्भजल, नाळेचा वेढा आणि पाच लिटर पाणी

गर्भवतींमध्ये फिरणारा हा मेसेज आधी वाचा: "मैत्रिणींनो, सोनोग्राफीत पाणी कमी आलं म्हणजे आई पाणी कमी पिते. रोज ५ लिटर पाणी आणि २ शहाळी घ्या, आठवड्यात पाणी भरून येतं. गळ्यात नाळेचा वेढा असेल तर बाळ गुदमरतं, लगेच सिझर करून घ्या. आणि हात वर करून कपडे वाळत घालू नका, त्यानेच नाळ गुंडाळते. सगळ्या गर्भवतींना पाठवा."

पाणी येतं कुठून, तिथून सुरू करते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पाणमोटेतलं पाणी बहुतेक आईच्या रक्तातून पाझरतं. तिसरा महिना संपत येतो तसं बाळ लघवी करायला लागतं आणि पाचव्या महिन्यानंतर पिशवीतलं बहुतेक पाणी म्हणजे बाळाची लघवीच असते. थोडी भर त्याच्या फुप्फुसांतून झिरपणाऱ्या द्रवाची. हे सांगितलं की समोरच्या बाई हमखास नाक मुरडतात, पण बाळाची घाण वारेतून आईच्या रक्तात जाते आणि आईच्या किडन्या ती बाहेर टाकतात. त्यामुळे ही लघवी जवळजवळ नुसतं पाणीच असते. बाळ तेच गिळतं, आतड्यातून शोषून घेतं, पुन्हा लघवी करतं. नवव्या महिन्यात दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त पाणी असं फिरतं. साठा सर्वांत जास्त असतो तो ३४ आठवड्यांच्या आसपास, सुमारे ८०० मिली. पुढे तो आपोआप उतरतो, म्हणून ३८व्या आठवड्याचा आकडा ३४व्यापेक्षा कमी आला तर लगेच घाबरायचं नसतं.

रिपोर्टवर 'एएफआय' लिहिलेलं असतं, ते काय आहे तेही बघा. बेंबी मध्यभागी धरून पोटाचे चार भाग करायचे, प्रत्येक भागात पाण्याचं सर्वांत खोल डबकं शोधायचं, त्यात नाळ किंवा हातपाय येऊ द्यायचे नाहीत, त्याची उभी खोली मोजायची आणि चारही आकडे मिळवायचे. ५ ते २४ सेंटीमीटर हे साधारण ठीक. बाळ कुशीवर वळलं किंवा मोजणारा हात बदलला तरी एक-दीड सेंटीमीटर इकडेतिकडे होतं. त्यामुळे एका आकड्यावरून घर डोक्यावर घेऊ नये.

आता पाणी खरंच कमी असेल तर? लघवी बाळाची, तेव्हा पहिली चौकशी बाळाची करावी लागते. वारेतून रक्त कमी येत असेल तर बाळ काटकसर करतं: मेंदू आणि हृदयाला रक्त पुरवतं, किडन्यांचं तोडतं. लघवी घटते, पाणी घटतं. म्हणून अशा वेळी बाळाची वाढ मोजतात आणि डॉपलरवर नाळेतला प्रवाह पाहतात. कधी बाळाच्या किडनीत किंवा मूत्रमार्गातच दोष असतो. कधी आईने कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन दिवसेंदिवस घेतलेली असते. या गोळ्यांनी बाळाची लघवी कमी होते. २० आठवड्यांनंतर त्या टाळाव्यात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०२०मध्ये दिला होता. आणि कधी पाणी कमी तयार होत नसतं, ते गळत असतं.

मेसेजला एक गुण मात्र द्यायला हवा. आईने दोन तासांत दोनेक लिटर पाणी प्यायलं की एएफआय थोडा वर जातो, हे अभ्यासांत दिसलं आहे. उन्हाळ्यात उलट्या-जुलाबांनी आई सुकली असेल तर पाणी पाजायलाच हवं. पण फुटक्या माठात पाणी ओतून माठ भरत नाही, आणि आकडा वर गेला म्हणून वारेचं दुखणं बरं होत नाही. शहाळं आवडीने प्या, मधुमेह असेल तर विचारून प्या.

हे फुटक्या माठाचं उगाच नाही सुचलं. पहिलटकरीण, ३६ आठवडे, एएफआय ७, गळ्याभोवती एक वेढा. आठवड्याने बोलावली होती. आली तेव्हा एएफआय ४. सासूबाईंनी मोजून पाच लिटर पाजलं होतं, बिचारी रात्रभर उठत होती. मी विचारलं, खाली ओलं लागतं का? म्हणाली, "पांढरं जातं मॅडम, आणि पाणी एवढं पिते तर लघवीही होतेच की थोडी थोडी." परवापासून पॅड लावत होती. तपासणीत तिला खोकायला सांगितलं, तर आत स्वच्छ पाणी साठताना दिसलं. पाणमोटेला वर कुठेतरी चीर गेली होती, आणि पाच लिटरच्या नादात दोन दिवस ते लघवीवर ढकललं गेलं.

घरी शंका आली तर लघवी करून या, कोरडं पॅड लावा, अर्धा तास आडवं व्हा आणि उभ्या राहा. उठताच भसकन ओलं झालं, लघवीचा वास नाही, रोखू म्हटलं तरी रोखता येत नाही, तर निघा. पाणी हिरवट असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल तर हे करत बसूच नका, थेट निघा.

वेढ्याचं आता. गळा आवळला की आपण गुदमरतो, कारण आपली हवा गळ्यातून जाते. पोटातल्या बाळाची हवा गळ्यातून जातच नाही. त्याची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू येतो नाळेतल्या एका शिरेतून, बेंबीवाटे. म्हणून प्रश्न गळा आवळला का हा नसून नाळ दाबली गेली का, हा आहे. नाळ सहजी दाबली जात नाही, कारण एक शीर आणि दोन रोहिण्या घट्ट लगद्यात बसवलेल्या असतात आणि दोरीसारखा पीळ असतो. दिवस भरताना ती हातभर, ५०-६० सेंटीमीटर लांब असते, एखाद्या वेढ्याला पुरून उरते. चार-पाच बाळंतपणांत एकदा तरी असा वेढा सापडतोच, आणि त्यांतली बहुतेक बाळं नैसर्गिक वाटेने जन्मतात. नुसता वेढा दिसला हे सिझरचं कारण नाही.

खरी अडचण येते ती पाणी आणि नाळ यांची गाठ पडते तेव्हा. पाणी आहे तोवर नाळ तरंगते. पाणी गेलं की कळेच्या वेळी ती बाळ आणि गर्भाशय यांच्यात चेपते. या मुलीचंही तेच झालं. ३७ आठवडे झालेले, म्हणून दाखल करून अँटिबायोटिक सुरू केलं आणि कळा आणल्या. सीटीजीवर, म्हणजे बाळाचे ठोके नोंदणाऱ्या यंत्रावर, ठोके १४०वरून एकदम ९०पर्यंत उतरून तितक्याच पटकन वर यायला लागले: नाळ दबत होती. तिला डाव्या कुशीवर केलं, कळांचं सलाइन कमी केलं, ठोके सावरले. सावरले नसते तर मीच सिझर केलं असतं, पण ते ठोक्यांसाठी, वेढ्यासाठी नव्हे.

हात वर करण्याबद्दल दोनच वाक्यं. आईच्या खांद्यापासून बाळाच्या नाळेपर्यंत ओढणारा कुठला दोर नाही. वेढा पडतो तो पाण्यात कोलांट्या मारणाऱ्या बाळाच्याच उद्योगाने, आणि तसाच कित्येकदा सुटतोही.

डोकं बाहेर आलं तेव्हा वेढा बोटाला लागला, ओलसर, निळसर-पांढरा, आत ठोका उडत असलेला. सैल होता. बोट घालून तो बाळाच्या डोक्यावरून पुढे काढला, गळ्यातली माळ काढावी तसा. बाळ आईच्या पोटावर ठेवलं, ते रडलं, आणि नाळ पुरतं एक मिनिट थांबून मगच कापली.