19 ते 29 मार्चचा फॉरवर्ड: जरा हिशोब करून बघू

"2026 चा सुपर प्लॅन! 19 मार्च गुढीपाडवा, 21 ला ईद, 26 ला रामनवमी. फक्त 5 रजा टाका, सलग 11 दिवस फिरा. सरकारी लिस्ट आहे, सगळ्यांना लागू!"

आधी "सगळ्यांना लागू" बघू. ती लिस्ट सरकारी ऑफिसांची, खासगी कंपनीला ती बांधील नाही. महाराष्ट्रात 2017 च्या शॉप ॲक्टप्रमाणे (20 किंवा जास्त कामगार असतील तिथे) वर्षाला 8 भरपगारी सुट्ट्या मिळतात, त्यातल्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या फिक्स आणि उरलेल्या 4 सणांच्या, मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या. पाडवा बहुतेक ठिकाणी मिळतो, पण गणपती-दिवाळीला जागा दिल्यावर रामनवमी उरते का ते एचआरचं सर्क्युलर उघडून बघा. नसेल तर 5 च्या 6 रजा झाल्या.

ईद 21 ला, म्हणजे शनिवारी. फाइव्ह डे वीकवाल्याला त्याचा उपयोग शून्य, ती उगाच लिस्ट भरायला टाकलीय. तशीही चंद्रावर असते, आणि सरकारही तारीख हलवतं: 2025 ला ईद-ए-मिलादची सुट्टी शुक्रवार 5 सप्टेंबरवरून सोमवार 8 वर गेली, तीही फक्त मुंबई शहर आणि उपनगरात, आणि ऐनवेळी. शुक्रवार धरून तिकिटं काढली असतील त्यांचं काय झालं असेल विचार करा.

आता ते 11 दिवस. 20, 23, 24, 25, 27 या 5 रजा, 2 सण आणि 4 शनिवार-रविवार. कुठल्याही साध्या आठवड्यात सोम ते शुक्र 5 रजा टाकल्या तरी सलग 9 दिवस मिळतातच की! म्हणजे खरा फायदा 2 दिवसांचा.

आणि खरी गोम सँडविच लीव्ह, हे फॉरवर्ड करणारे कधीच सांगत नाहीत. पॉलिसीत "मधल्या सुट्ट्या रजेत धरल्या जातील" असं असेल तर 20 आणि 23 च्या मधले शनिवार-रविवार आणि 25-27 च्या मधली रामनवमी पण कापली जाते. 20 ते 27 सलग, 8 रजा गेल्या. सुरुवातीचा पाडवा आणि शेवटचे 28-29 तेवढे वाचतात.

बॅलन्सपण बघा, शॉप ॲक्टच्या 8 कॅज्युअल दर तिमाहीला थोड्या थोड्या जमा होतात, मार्चपर्यंत 2 च, बाकी अर्न्डमधून जाणार.

मला विचाराल तर लिस्टमधले आधी शनिवार-रविवार खोडा, मग फक्त मंगळवार-गुरुवार शोधा, पूल तिथेच बांधता येतो. दिवाळीत लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबर रविवार, पाडवा 10 मंगळवार, मधला सोमवार टाकला की 1 रजेत 4 दिवस (सँडविच असेल तरी 1 च). फक्त तो सोमवार अख्ख्या टीमला हवा असणार, तेव्हा अर्ज लवकर टाका. आणि 26 जानेवारी सोमवार, 1 मे शुक्रवार, 2 ऑक्टोबर शुक्रवार, हे तर एकही रजा न टाकता मिळतात.