दां, आं, आ, शे आणि इंग्रजीतून शिकवलेली फ्रेंच

आज भडाभडा बोलणार आहे, कारण तीन वर्षं फ्रान्समधल्या ल्योंमध्ये राहून, फ्रेंचची बी-टू पातळीची परीक्षा पास होऊन, पोटापाण्यासाठी भाषांतर करूनही परवा एका एवढ्याशा शब्दापायी माझ्या हातचं काम गेलं. चूक मी केली, पण ती माझ्या डोक्यात ज्यांनी पक्की बसवली त्यांच्यावर माझा राग आहे, आणि तो मी गिळणार नाही.

शुक्रवारी एका गिऱ्हाइकाने विचारलं, हा करार फ्रेंचमध्ये करून द्याल का? मला सांगायचं होतं, 'चार दिवसांत करून देते.' म्हणजे काम चार दिवसांचं आहे, लगेच बसते. मी लिहिलं, 'दां कात्र जूर'. त्याने वाचलं ते असं: आजपासून चार दिवसांनी, म्हणजे मंगळवारी, बाईंना हे काम करता येईल. त्याला मंगळवारी काम हातात हवं होतं. मंगळवारी सुरू करणाऱ्या बाईचा त्याला काय उपयोग? त्याने काम दुसऱ्याला दिलं आणि मला दोन ओळींचं सभ्य पत्र पाठवलं. मी लिहायला हवं होतं 'आं कात्र जूर'. दां आणि आं. एवढाच फरक.

आता हे कुठून आलं ते सांगते. पुण्यातल्या ज्या क्लासला मी जायचे तिथे फळ्यावर लिहून दिलं होतं: दां म्हणजे इन, आं म्हणजेही इन, वाक्य भविष्यकाळात असेल तर दां लावा, भूतकाळात असेल तर आं. आम्ही वीसेक जण ते वहीत उतरवून घेत होतो. सगळे मराठी, शिकवणाऱ्या बाई मराठी, बाहेर चहावाला मराठी, आणि फ्रेंच समजावून सांगायची ती मात्र इंग्रजीतून! तो नियम तर धडधडीत खोटा आहे. 'हे पुस्तक मी दोन दिवसांत वाचीन' हे भविष्यकाळातलं वाक्य आहे आणि त्यात आंच लागतो: आं द जूर. काळाचा इथे संबंधच नाही. किती वेळ लागला किंवा लागेल हे सांगायचं असेल तर आं. आत्तापासून किती वेळाने घडेल हे सांगायचं असेल तर दां.

माझं डोकं सगळ्यात जास्त तापतं ते पुढच्या गोष्टीने. हा फरक मराठीत आहे! आपण लहानपणापासून तो न चुकता करतो. 'दहा मिनिटांनी निघते' आणि 'दहा मिनिटांत आवरते', यांत कुणाचा गोंधळ होतो का? पाच वर्षांचं पोरसुद्धा 'सुट्टी दोन दिवसांत लागणार' आणि 'सुट्टी दोन दिवसांनी लागणार' यांतला फरक ओळखतं. नी आणि त. दां म्हणजे नी, आं म्हणजे त. एका वाक्यात काम झालं असतं. इंग्रजीला हा फरक करायला जड जातं, तिथे 'इन फोर डेज' म्हटलं की दोन्ही अर्थ निघतात, म्हणून इंग्रजी माणसासाठी लिहिलेल्या पुस्तकांना पानं भरून समजवावं लागतं. आपण ती पानं घेतली आणि मराठी मुलांच्या डोक्यावर आपटली. ज्याला दिसत होतं त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि मग हात धरून चालवायला लागले.

नी आणि त एवढ्यावर सगळं भागतं असं मी म्हणत नाही. दोन ठिकाणी सांभाळावं लागतं आणि तीही कुणी सांगितली नव्हती. पहिलं म्हणजे दां फक्त आत्तापासून पुढे मोजतो. 'तो गेला आणि तीन दिवसांनी परत आला' यात मराठीत नी चालतो, फ्रेंचमध्ये दां चालत नाही. तिथे 'त्र्वा जूर प्ल्यू तार' म्हणायचं, म्हणजे तीन दिवस उलटल्यावर. दुसरं, मराठीचा त थोडा सैल आहे. 'चार दिवसांत कळवा' म्हणताना आपल्याला चार दिवसांच्या आत असं म्हणायचं असतं, कळवायला चार दिवस लागतील असं नाही. तिथे आं नाही लागत, 'दां ले कात्र जूर' लागतं. मधला तो एवढासा 'ले' आला की अर्थ फिरतो: दां कात्र जूर म्हणजे चौथ्या दिवशी, दां ले कात्र जूर म्हणजे चार दिवसांच्या आत केव्हाही. नोटिशीत, बिलावर, दवाखान्याच्या कागदावर हा ले आहे की नाही ते बघावं लागतं, नाहीतर मुदत चुकते. मी आता एकच गोष्ट तपासते: वाक्यात 'लागतात' घालता येतं का? 'भाषांतराला चार दिवस लागतात' हे बसलं की आं, डोळे मिटून.

आणि शे! त्या शब्दावरून तर मला रडूच येतं. आम्हाला शिकवलं, शे म्हणजे 'अ‍ॅट द हाउस ऑफ'. मूळ खरं आहे, लॅटिनमधल्या घर या अर्थाच्या 'कासा'पासूनच तो आला. पण मग डॉक्टरकडे जायचं तर मी काय त्याच्या घरी जाते? म्हणून आम्ही सगळे 'ओ मेदसें' म्हणायला लागलो, कारण इंग्रजीत 'टु द डॉक्टर' आणि टु म्हणजे आ असं वहीत लिहिलेलं, आणि आ व 'द'च्या अर्थाचा ल मिळून होतो ओ. बरोबर आहे ते 'शे ल मेदसें'. न्हाव्याकडे जायचं तरी 'शे ल क्वाफर'. बोलताना फ्रेंच लोकही 'ओ क्वाफर' म्हणून जातात आणि त्यांच्या आया त्यांना टोकतात, पण परीक्षेत आणि पत्रात ते चुकीचंच.

कडे! अहो, कडे! डॉक्टरकडे, न्हाव्याकडे, वाण्याकडे, मावशीकडे. जागेचं नाव असेल तर दवाखान्यात, दुकानात. माणसाचं असेल तर कडे. फ्रेंचमध्ये हुबेहूब तेच आहे: बेकरीत जायचं तर 'आ ला बुलांझरी', बेकरीवाल्याकडे जायचं तर 'शे ल बुलांझे'. 'आमच्याकडे गणपतीला असंच करतात' या वाक्यातलं 'आमच्याकडे' म्हणजे फ्रेंचमधलं 'शे नू'. घर, कुटुंब, गाव, देश, सगळं त्यात येतं, जसं आपल्यात येतं. इंग्रजीत हे एका शब्दात सांगून बघा! मराठीला आयता सापडलेला शब्द, आणि आम्ही तो दोन वर्षं 'अ‍ॅट द हाउस ऑफ' म्हणून घोकला.

इथेही कुंपण आहे, आणि मी त्याला धडकले आहे. मागच्या हिवाळ्यात घरातला गरम पाण्याचा बंब बिघडला होता. दुरुस्तीवाला दुपारी येणार, मी कामावर. मी त्याला लिहिलं की किल्ली शेजारणीकडे दिली आहे, आणि तोवर माझं कडे नुकतंच जागं झालेलं, म्हणून झोकात 'शे ला व्वाझीन' घातलं. त्याचा फोन आला: बाई, शेजारणीच्या घरी दिली म्हणजे कुणाला दिली? कारण देण्याच्या क्रियापदाला कोणाला हे लागतं, आणि त्या 'कोणाला'साठी आ आहे: 'आ ला व्वाझीन'. किल्ली तिच्या घरात ठेवली असती तर शे बरोबर होतं. मराठीतला कडे हातात देण्यालाही चालतो आणि घरी ठेवण्यालाही चालतो, तिथे आपल्याला थांबायला हवं. 'माझ्याकडे पैसे आहेत', 'तिच्याकडे बघ' यांतही शे नाही. 'शे म्वा' म्हटलं की ते पैसे घरी ठेवलेले, खिशातले नव्हेत. म्हणून कडेऐवजी 'च्या इथे' बसतं का ते बघायचं. डॉक्टरच्या इथे गेले: बसतं, शे. शेजारणीच्या इथे दिली: अडखळतं, तर ला करून बघा. शेजारणीला दिली: बसतं, आ. हे सांगायला अर्धा तास लागला असता. अर्धा तास! मी दोन वर्षांची फी भरली होती.

जागेचं मात्र खरोखर अवघड आहे, आणि तिथे मराठी फारशी मदतीला येत नाही, कारण आपला त सगळ्यालाच लागतो. 'तुरुंगात आहे': कैदी म्हणून आहे तर 'आं प्रिझों', आणि दुरुस्तीला गेलेला सुतार त्या इमारतीत आहे तर 'दां ला प्रिझों'. आंनंतर बहुतेक वेळा 'द'च्या अर्थाचे ल, ला, ले येत नाहीत; तो अवस्था सांगतो. दांला नेमकी, चार भिंतींची वस्तू हवी असते. एवढं धरून चाललं तर बरंच जमतं. गाड्यांच्या बाबतीत तर मराठीसुद्धा धावून येते: 'आगगाडीने आले' म्हणजे आं त्रें, 'आगगाडीत झोप लागली' म्हणजे दां ल त्रें. ने आणि त. हेही कुणी दाखवलं नाही.

देशांच्या नावांचा तक्ता आम्हाला पाठ करायला लावला. आं फ्रांस, ओ पोर्तुगाल. का, असं विचारलं तर उत्तर, 'तसंच असतं'. तसंच नसतं! जुन्या फ्रेंचमध्ये आं आणि ल एकत्र येऊन त्यांचा 'ऊ'सारखा उच्चार झाला आणि तो पुढे 'ओ'मध्ये मिसळला. म्हणून पुल्लिंगी देशांना ओ उरला, स्त्रीलिंगींना आं राहिला, आणि स्वरापासून सुरू होणाऱ्या पुल्लिंगींनाही आंच लागला, जसं इराण. आं आणि ले मिळून झालेला 'एस' तर अजूनही पदव्यांच्या नावात जिवंत आहे, 'लिसांस एस लेत्र' त्यातलाच. हे एकदा ऐकलं असतं तर आपलं राज्य 'ओ महाराष्ट्र' का आणि ल न लागणारा गोवा मात्र शहरासारखा नुसता 'आ गोआ' का, हे मला स्वतःला सुचलं असतं. तीन वर्षांपूर्वी मी इथल्या एका अर्जावर आत्मविश्वासाने 'आं महाराष्ट्र' लिहिलं होतं आणि खिडकीतल्या बाईने काही न बोलता पेनाने ते खोडलं होतं.

गेल्या आठवड्यात त्याच क्लासातल्या एका मुलीने मला तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला, शंका विचारायला. फळा बदलला असेल, पान तेच आहे: दां म्हणजे इन, आं म्हणजे इन, शे म्हणजे अ‍ॅट द हाउस ऑफ. मी तिला रात्री साडेअकराला फोन केला आणि म्हटलं, बाळ, ते पान फाड आणि नव्या पानावर चारच शब्द लिही: नी, त, कडे, ला.