तांब्याभर पाण्याने व्हेंटचं काम होत नाही

बाथरूममध्ये येणाऱ्या गटाराच्या वासावर सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा आहे:

“ट्रॅपमध्ये पाणी असलं की वास वर येऊच शकत नाही, वेगळा व्हेंट पाइप म्हणजे नुसता खर्च. वास येतोय म्हणजे ट्रॅप वाळलाय, तांब्याभर पाणी ओता, झालं काम. बेसिनच्या पाइपाला भरपूर उतार द्या, पाणी सटकन जाईल. आणि गच्चीवरच्या पाइपाच्या तोंडाला टोपी लावून टाका, डास आणि वास दोन्ही बंद.”

ट्रॅप म्हणजे जाळीखालचा किंवा बेसिनखालचा, थोडं पाणी कायम धरून ठेवणारा भाग; व्हेंट म्हणजे पाइपात हवा येण्याची वाट. ट्रॅपमध्ये पाणी असेपर्यंत वास अडतो, एवढं खरं आहे. प्रश्न ते पाणी तिथे टिकतं का, हा आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या नहाणी ट्रॅपमध्ये सील, म्हणजे वास अडवणाऱ्या पाण्याची उंची, साधारण 50 मिमी असतं. पाणी ज्या कडेवरून पुढच्या पाइपात सांडतं ती कड आणि आतल्या पडद्याचा खालचा काठ, या दोन पातळ्यांमधलं हे अंतर. एवढ्या पाण्याचा दाब होतो सुमारे 490 पास्कल, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाचा जेमतेम अर्धा टक्का. पाइपाच्या बाजूची हवा तेवढी जरी पातळ झाली, तरी घराकडची हवा पाण्याला ढकलून पलीकडे नेते.

हवा पातळ का होते, ते उभ्या पाइपात बघायला हवं. वरच्या मजल्यावर फ्लश केला की पाणी 110 मिमी पाइपाच्या मधोमध कोसळत नाही. ते भिंतीला चिकटून पसरतं आणि मधल्या पोकळीतली हवा स्वतःबरोबर खाली ओढत नेतं. खाली गेलेल्या हवेची जागा भरायला वरून नवी हवा आली पाहिजे. गच्चीवरचं तोंड उघडं असेल तर ती तिथून येते. तोंड बंद असेल, किंवा पाइप मध्येच अरुंद झाला असेल, तर हवा मिळेल तिथून ओढली जाते, आणि सगळ्यात जवळची वाट म्हणजे खालच्या मजल्यावरचे ट्रॅप. बाथरूममध्ये कुणी नसताना जाळीतून गुडगुड ऐकू येते ती ही ओढ. ट्रॅपमधल्या पाण्यातून घरातली हवा बुडबुडे काढत पाइपात जात असते.

आता पाणी नेमकं किती जातं ते बघा. ट्रॅपच्या दोन्ही बाजू सारख्या रुंद आहेत असं धरू आणि पाइपात 40 मिमी पाण्याइतकी ओढ लागली असं समजू. घराकडची पातळी कडेपासून 40 मिमी खाली जाते आणि तेवढं पाणी कडेवरून सांडून निघून जातं. ओढ थांबली की उरलेलं पाणी दोन्हीकडे समान होतं आणि पातळी कडेच्या 20 मिमी खाली स्थिरावते. म्हणजे सील राहिलं 30 मिमी. गमतीचा भाग असा की पुन्हा तेवढीच ओढ आली तर जास्तीचं काही सांडत नाही, कारण पाणी कडेपर्यंत चढतं आणि परत येतं. ओढ 50 मिमीवर गेली की हवा पडद्याखालून घुसते, तरीही ओढ संपल्यावर साधारण 25 मिमी पाणी उरतं. ओढ याहून मोठी असेल तर सुसाट जाणारी हवा उरलेलं पाणीही उडवून नेते. 25 हा आकडा म्हणूनच महत्त्वाचा. तेवढं पाणी शिल्लक असेपर्यंत ट्रॅप 50 मिमीची ओढ पुन्हा झेलू शकतो, त्याखाली त्याची ताकद घटत जाते. ब्रिटनच्या ड्रेनेज नियमांतही वापरात असताना किमान 25 मिमी सील शिल्लक राहिलं पाहिजे अशी अट आहे.

तांब्याभर पाण्याचा उपाय एका बाबतीत योग्य आहे: घर महिनाभर बंद होतं आणि ट्रॅप सुकला. रोज वापरातल्या बाथरूममध्ये मात्र ट्रॅप सुकायला वेळच मिळत नाही. तिथे वास येत असेल तर पाणी ओढलं जातंय का हे आधी तपासा. जाळी काढा, ट्रॅप काठोकाठ भरा, बारीक काठी पाण्यात उभी बुडवून ओली झालेली उंची मोजा. मग वरच्या मजल्यावर एकदा फ्लश करायला सांगा, वॉशिंग मशिनचं पाणी सोडायला सांगा, आणि परत मोजा. 50 मिमी सीलच्या ट्रॅपमध्ये पातळी 25 मिमीपेक्षा जास्त उतरली तर ओतलेलं पाणी पुढच्या फ्लशपुरतंच आहे. पातळी जागची हलली नाही, तर ट्रॅपच्या बाहेरून, फरशीखालच्या सांध्यातून किंवा कमोडच्या जोडातून वास येतोय का ते बघा. हळूहळू, फ्लशशी संबंध नसताना पातळी उतरत असेल तर केसांचा गुंता किंवा कापडाचा धागा कडेवर अडकलेला असतो आणि तो वातीसारखं पाणी शोषून पलीकडे टाकतो. तेव्हा व्हेंटला दोष देऊ नका, ट्रॅप साफ करा.

मेसेजमधला सर्वात घातक सल्ला मात्र उताराचा आहे, कारण तो ऐकायला पटतो आणि भिंतीत कायमचा गाडला जातो.

बेसिनचा बॉटल ट्रॅप, पुढे भिंतीतून 32 मिमी पाइप, 2.4 मीटरवर उभा पाइप, आणि मध्ये व्हेंट नाही, अशी जोडणी घ्या. पाणी पटकन जावं म्हणून मीटरला 5 सेंमी उतार दिला, तर 2.4 मीटरमध्ये पाइप 12 सेंमी खाली जातो. पाइपाचा व्यास 32 मिमी, म्हणजे त्याचं पलीकडचं तोंड ट्रॅपच्या कडेपेक्षा पूर्णपणे खाली गेलं. भरलेलं बेसिन एकदम सोडलं की हा पाइप पूर्ण भरून वाहतो. पुढचं पाणी खाली जाताना मागचं ओढतं, आणि कॅनमधून नळीने रॉकेल काढावं तसं ट्रॅपमधलं पाणीही त्यामागे जातं. पाइपात हवा शिरते तेव्हाच हे थांबतं, आणि ती हवा ट्रॅप फोडूनच शिरलेली असते. बेसिन रिकामं होताना शेवटी येणारा मोठा ‘घुर्रर्र’ आवाज तोच. सपाट तळाच्या सिंकमध्ये शेवटचं पाणी रेंगाळत येतं आणि ट्रॅप परत भरतं. गोल तळाच्या बेसिनमध्ये ते एकदम संपतं, म्हणून ट्रॅप रिकामा राहण्याची तक्रार बेसिनची जास्त असते.

यासाठी लक्षात ठेवण्याजोगा नियम असा: ट्रॅपच्या कडेपासून हवा मिळण्याच्या जागेपर्यंत पाइपाचा एकूण उतार पाइपाच्या व्यासापेक्षा जास्त नको. मीटरला 2 सेंमी उतार धरला तर 32 मिमी पाइप 1.6 मीटरपर्यंत चालतो. 2.4 मीटरला एकूण उतार 48 मिमी होतो, म्हणून तिथे ट्रॅपपासून पुढे 50 मिमी पाइप घ्यायचा. एवढ्या मोठ्या पाइपाचा वरचा भाग रिकामा राहतो आणि उभ्या पाइपातली हवा त्यातून ट्रॅपपर्यंत पोचते. प्रत्येक ट्रॅपला व्हेंट हवा याचा अर्थ प्रत्येकाला गच्चीपर्यंत स्वतंत्र पाइप असा नाही. प्रत्येकाला हवेची मोकळी वाट हवी, आणि ती जवळ असेल तर उभा पाइपही देऊ शकतो.

भिंतीत शिरल्यावर लगेच एल्बो लावून पाइप खाली टाकला असेल, तर ही मापं लागू पडत नाहीत. त्या उभ्या घसरगुंडीमुळे साध्या ट्रॅपचा एस ट्रॅप होतो आणि तो स्वतःला रिकामा करतो. तिथे एल्बोच्या जागी टी बसवा. खालची बाजू 50 मिमीची, आणि वरच्या बाजूने 40 मिमी व्हेंट बेसिनच्या काठापेक्षा किमान 15 सेंमी वर नेऊन मग व्हेंटच्या उभ्या पाइपाला जोडा. हा जोड काठाच्या खाली केला तर पाइप तुंबल्यावर सांडपाणी व्हेंटमधून वाहू लागतं, आणि ते कळतही नाही.

आपल्या अनेक घरांत बेसिनचा पाइप थेट उभ्या पाइपाला न जाता नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेला असतो. तिथे वास अडवण्याची जबाबदारी नहाणी ट्रॅपची. जाळीतून हवा मिळत असल्याने बेसिनचं पाणी नहाणी ट्रॅपला सहसा रिकामं करत नाही. “आमच्याकडे व्हेंट नाही तरी वास येत नाही” असं म्हणणाऱ्यांचं बहुधा हेच असतं. पण तो नहाणी ट्रॅप पुढे उभ्या पाइपालाच जोडलेला आहे, म्हणजे वरच्या फ्लशची ओढ त्याला लागतेच.

बॉटल ट्रॅपची तपासणी सोपी आहे. मगाने हळूहळू पाणी ओतून ट्रॅप भरा, खाली बादली ठेवून कप सरळ धरून उघडा आणि त्यातलं पाणी मापाच्या भांड्यात मोजा. कप लावा, ट्रॅप परत भरा. आता बेसिन काठापर्यंत भरून एकदम सोडा, आणि पुन्हा मोजा. दुसऱ्यांदा पाणी निम्म्याहून कमी निघालं तर दोष ट्रॅपच्या पुढच्या पाइपात आहे. ट्रॅप बदलून उपयोग नाही.

गच्चीवरची टोपी तर सगळ्या इमारतीचे ट्रॅप ओढीला लावते. डासांसाठी आरोग्य विभागही जाळी बांधायलाच सांगतो, तोंड बुजवायला नाही. काऊल, म्हणजे हवा जाऊ देणारं झाकण, लावा, त्याला जाळी लावा, जाळीवर धूळ आणि कोळीष्टकं साचतात म्हणून पावसाळ्याआधी ती झाडून घ्या. गच्चीवर वास येत असेल तर पाइप उंच करा आणि खिडक्यांपासून दूर वळवा. गच्चीवर शेड टाकताना व्हेंट छपराच्या आतच संपत नाही ना, हेही बघा.

भिंत फोडणं शक्य नसेल तर एकतर्फी हवा आत घेणारा व्हॉल्व्ह बेसिनखालच्या कपाटात, आडव्या पाइपाच्या किमान 10 सेंमी वर, अगदी उभा बसवता येतो. तो ओढ लागली की उघडतो आणि एरवी बंद राहतो. तो भिंतीत गाडू नका, कारण रबर खराब झालं की तोच वासाचं दार होतो. आणि त्याच्या भरवशावर गच्चीवरचं तोंड बंद करता येत नाही.

तळमजल्याला हे उपाय पुरत नाहीत. उभा पाइप खाली आडवा वळतो तिथे पाण्याबरोबर आलेली हवा कोंडते आणि दाब उलटा होतो. मग नहाणीतून पाणी वर उसळतं, वॉशिंग मशिनचा फेस जाळीतून बाहेर येतो. असल्या दाबावर व्हॉल्व्ह निरुपयोगी, कारण तो नेमका तेव्हाच बंद असतो. तळमजल्याचे ट्रॅप त्या उभ्या पाइपाला न जोडता स्वतंत्र पाइपाने बाहेरच्या चेंबरला नेणं, हाच तिथला इलाज.