पाणी की पानी

मागच्या सभेला मी उशिरा पोचलो, एकच खुर्ची रिकामी होती, बसलो, आणि बसल्यावर कळलं की ती सेक्रेटरीची होती. तेव्हापासून सोसायटीच्या नोटिसा मी टाईप करतो आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका त्यातल्या चुका लाल पेनाने गोल करून लिफ्टशेजारी परत चिकटवतात.

म्हटलं यावेळी काकांना संधीच द्यायची नाही. १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाची आणि पाणी बंद असल्याची अशी जोडनोटीस होती, लिबरऑफिस उघडलं, टाईप केलं, तर अख्खं पान लाल. 'आहे' खाली लाल, 'नाही' खाली लाल. 'पाणी'वर राईट क्लिक केलं तर म्हणे 'पानी' लिहा. मी दहा मिनिटं स्वतःच्या मातृभाषेवर संशय घेत बसलो आणि मग खालच्या पट्टीत नजर गेली, तिथे लिहिलं होतं Hindi. म्हणजे देवनागरी दिसली की ते बिचारं हिंदी समजून तपासत होतं, आणि हिंदी म्हणून बघितलं तर माझी नोटीस खरंच भयंकर होती.

आता भाषा बदलायची कुठे? `Tools > Options` मध्ये, भाषांच्या पानावर. तिथे मी Western च्या खान्यात मराठी शोधत राहिलो, सापडेना. आपली मराठी असते खाली, Complex text layout मध्ये, आधी तिथे टिक करायची मग खाना उघडतो. (कॉम्प्लेक्स! काकांना हे सांगितलं असतं तर खूष झाले असते.) मराठी निवडली, ओके केलं आणि चमत्कार, एकही लाल रेघ नाही! एफ-सेव्हन दाबून तपासणी केली तर तीही पूर्ण झाली म्हणे. मी बायकोला बोलावून दाखवलं. तिने एक ओळ वाचली आणि म्हणाली, "झेंडावदंन?"

तर झालं असं होतं की मराठीची डिक्शनरीच माझ्याकडे नव्हती. डिक्शनरी नसली की ते चूक दाखवत नाही, गप्प बसतं, आणि आपण त्याला पास समजतो. ओळखायची खूण तिथेच असते खरं तर, यादीत ज्या भाषेची डिक्शनरी आहे तिच्या नावाशेजारी टिकवालं छोटं ABC दिसतं, मराठीशेजारी नुसतीच मोकळी जागा होती.

मग मी उत्साहाच्या भरात लँग्वेज पॅक टाकला. तासाभराने कळलं की त्याने मेनू मराठी होतात, शुद्धलेखन नाही. म्हणजे आता चुका तशाच आणि वर मलाच Options सापडेना, कारण इतकी वर्षं मी मेनू वाचत नव्हतो, जागेवरून ओळखत होतो. शेवटी Alt+F12 ने थेट ती खिडकी उघडते हे कळल्यावर जीव भांड्यात पडला.

डिक्शनरीची फाईल वेगळी असते, शेवटी `.oxt` असलेली. डबल क्लिक केलं, एक्स्टेन्शनच्या यादीत जाऊन बसली, प्रोग्रॅम पूर्ण बंद करून परत उघडला आणि मराठीशेजारी ते ABC उगवलं. 'झेंडावदंन' लाल झालं. चूक सापडल्याचा इतका आनंद मला शाळेत कधी झाला नव्हता.

पण 'लिफ्ट'ही लाल. राईट क्लिक करून डिक्शनरीत घातला, तर लगेच 'लिफ्टच्या' लाल, मग 'लिफ्टमध्ये', मग 'लिफ्टजवळ'. आपण घातलेला शब्द तेवढाच ओळखला जातो, त्याची पोरंबाळं नाही, आणि मराठीत एका शब्दाला पोरं किती ते तुम्हाला माहितीच आहे.

सगळ्यात छळलं ते 'दुसऱ्या'ने. मी टाईप केलेला 'दुसऱ्या' बरोबर आणि आधीच्या सेक्रेटरींच्या फाईलमधून कॉपी केलेला 'दुसऱ्या' चूक, आणि दोन्ही दिसायला जुळे भाऊ! शेवटी छडा लागला. माझ्या कीबोर्डवर तो ऱ एक स्वतंत्र अक्षर आहे, U+0931, आणि जुन्या फाईलमध्ये साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असं करून तो बनवलेला होता. डोळ्याला सारखं पण डिक्शनरीला वेगळं. पुसून हाताने परत टाईप केला, रेघ गेली.

रात्री साडेअकराला पान स्वच्छ झालं. डिक्शनरी असताना स्वच्छ, हे दोनदा तपासलं. सकाळी प्रिंट काढून चिकटवली आणि ऑफिसला गेलो.

संध्याकाळी काका लिफ्टपाशीच उभे होते, पेन खिशात. नोटिशीच्या पहिल्याच ओळीवर गोल. मी लिहिलं होतं, 'स्वातंत्र्य दीन'.

"काका, कॉम्प्युटरने पास केलंय हो."

"करणारच, दीन हाही शब्द आहेच की," काका म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे बघत पुढे म्हणाले, "आणि दीन कोण ते दिसतंय मला."