सीक्रेट कळलं नाही, तरी सिग्नेचर बनते

"एचमॅक वगैरे पुस्तकी भानगडी आहेत. लिंकची किंवा एपीआयची सिग्नेचर म्हणजे शा-256(सीक्रेट + मेसेज), एवढं पुरतं. शा-256 उलटं फिरवता येत नाही, म्हणून सीक्रेट कुणाला मिळत नाही, आणि सीक्रेटशिवाय सिग्नेचर बनत नाही. सीक्रेट 32 बाईटचं ठेवा, कुणाला लांबीही सांगू नका. फारच भीती वाटली तर सीक्रेट शेवटी जोडा. एचमॅक दोनदा हॅश करतं, उगाच स्लो. शा-3 वापरणाऱ्यांना तर हा प्रश्नच नाही."

माझ्या मावसभावाने हा मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, बरोबर आहे ना हे? मी असंच केलंय." असले मेसेज मी एरवी वाचून सोडून देतो. पण "मी असंच केलंय" वाचलं आणि मुकाट्याने लॅपटॉप उघडला. सिग्नेचर म्हणजे लिंकमध्ये कुणी फेरफार केलेला नाही हे सर्व्हरला ओळखता यावं म्हणून जोडलेली खूण, आणि एचमॅक ही सीक्रेट आणि हॅश वापरून ती बनवायची ठरलेली पद्धत. त्याच्या कोडमधली ओळ ही:

```python
sig = hashlib.sha256(secret + msg).hexdigest()
```

शा-256 उलटं फिरवता येत नाही, कबूल. सीक्रेट बाहेर पडत नाही, तेही कबूल. घोळ पुढच्या उडीत आहे. खोटी सिग्नेचर बनवणाऱ्याला सीक्रेट लागतच नाही.

शा-256 आत काय करतं ते एकदा नीट बघा. मेसेजचे 64-64 बाईटचे तुकडे पडतात. आत आठ आकडे असतात, प्रत्येक 32 बिटांचा. सुरुवातीला ते ठरलेले आणि जगजाहीर असतात, पहिला `6a09e667`. एकेक तुकडा आला की त्या आठ आकड्यांबरोबर घुसळला जातो आणि नवे आठ आकडे तयार होतात. शेवटचा तुकडा संपला की ते आठ आकडे एकापुढे एक लिहून बाहेर दिले जातात. त्यालाच आपण हॅश म्हणतो. स्क्रीनवरच्या 64 हेक्स अक्षरांचे आठ-आठचे आठ भाग पाडा. यंत्र जिथे थांबलं, तिथली त्याची संपूर्ण आतली अवस्था तुमच्या हातात असते. काही कापलेलं नाही, काही झाकलेलं नाही. मग ते आठ आकडे पुन्हा यंत्रात भरून पुढचा तुकडा घालायला कोण अडवणार? सीक्रेट तर पहिल्याच तुकड्यात घुसळून झालेलं असतं. त्याचा परिणाम त्या आकड्यांत आयताच आलेला आहे.

एक बारकावा आहे. शेवटचा तुकडा 64 बाईटचा भरावा म्हणून शा-256 मेसेजमागे भरताड जोडतं: एक `80` बाईट, मग लागतील तेवढी शून्यं, आणि शेवटच्या आठ बाईटमध्ये मेसेजची लांबी, बिटांत. हल्ला करणाऱ्याला हे भरताड मेसेजचा भाग म्हणून मध्येच ठेवावं लागतं. ते कसं दिसेल हे ठरवायला फक्त लांबी लागते, मजकूर नाही.

भावाचंच उदाहरण घेऊ. त्याची लिंक `user=417&role=viewer` अशी, म्हणजे 20 बाईट. सीक्रेट त्या फॉरवर्डमध्ये सांगितल्याप्रमाणे 32 बाईटचं. एकूण 52 बाईट, म्हणजे 416 बिट, हेक्समध्ये `01a0`. 64 पर्यंत जायला 12 बाईट कमी पडतात: एक `80`, तीन शून्यं आणि आठ बाईटची लांबी. 417 नंबरच्या माणसाकडे स्वतःच्या लिंकची खरी सिग्नेचर आहेच, सर्व्हरनेच दिलेली. तो ती आठ आकड्यांत तोडून यंत्रात भरतो आणि पुढचा तुकडा म्हणून `&role=admin` घालतो. त्यामागचं भरताड तो स्वतः लिहितो, फक्त लांबीच्या जागी 11 ऐवजी 64 + 11 = 75 बाईट, म्हणजे 600 बिट. घुसळण एकदाच. बाहेर येतात ते आठ आकडे म्हणजे नवी सिग्नेचर, आणि लिंक अशी:

```
user=417&role=viewer%80%00%00%00%00%00%00%00%00%00%01%A0&role=admin
```

सर्व्हर काय करतो? हे सगळं डीकोड करतो, पुढे खरं सीक्रेट जोडतो, इमानदारीत शा-256 काढतो. पहिले 64 बाईट संपतात तेव्हा त्याचे आठ आकडे जुन्या सिग्नेचरइतकेच असतात. पुढचा तुकडा तोच, म्हणून उत्तरही तेच. सिग्नेचर जुळली. आता `role` दोनदा आलाय. पायथनमध्ये या जोड्या `dict` मध्ये भरल्या की शेवटची किंमत उरते. झाला अ‍ॅडमिन.

भावाने हे स्वतः चालवून पाहिलं आणि पाच मिनिटं काही बोलला नाही.

आता "लांबीही सांगू नका" हे. मला सगळ्यात जास्त चीड याच वाक्याची आली, कारण ते वाचून माणूस निर्धास्त होतो. लांबी माहीत नसेल तर हल्ला करणारा एक, दोन, तीन असं करत जातो. लांबीच्या शंभर शक्यता म्हणजे शंभर रिक्वेस्ट. त्यातही गंमत अशी, की 20 बाईटच्या या मेसेजला सीक्रेट 35 बाईटपर्यंत कितीही लांब असलं तरी भरताडासकट सगळं एकाच तुकड्यात मावतं, म्हणून खोटी सिग्नेचर एकदाच काढावी लागते. बदलतं ते फक्त मधलं भरताड. सीक्रेट 36 बाईटचं झालं तर दुसरा तुकडा लागतो आणि सिग्नेचर एकदा नव्याने काढावी लागते, बस. म्हणजे 32 ऐवजी 64 बाईटचं सीक्रेट ठेवून तुम्ही त्याला दोन मिनिटं जास्त बसवलंत.

याचा एक फायदा तुम्हालाही आहे. लॉगमध्ये `%80%00` शोधा. एकच सिग्नेचर पुन्हा पुन्हा येतेय आणि दर वेळी `%00` ची संख्या एकेकाने बदलतेय असं दिसलं, तर कुणीतरी लांबी मोजत बसलंय.

हे सगळं कागदावरचं आहे असं वाटत असेल तर फ्लिकर आठवा. 2009 साली थाई डुओंग आणि हुलियानो रिझो या दोघांनी दाखवून दिलं की फ्लिकरच्या एपीआयची सिग्नेचर सीक्रेट न कळता बनवता येते. तिथे एमडी5 होतं, पण आतली रचना हीच, आणि सीक्रेट पुढे. शिवाय पॅरामीटरची नावं आणि किमती मध्ये काहीही न ठेवता एकमेकांना चिकटवून हॅश केल्या जायच्या, त्यामुळे भरताडाचा कचरा कुठल्या नावाखाली ढकलायचा हेही सोपं झालं. ही दुसरी चूक एचमॅकनेही सुटत नाही, हे लक्षात ठेवा. `ab` + `c` आणि `a` + `bc` चिकटवल्यावर सारखेच दिसतात.

खरं सांगायचं तर प्रत्येक ठिकाणी हा हल्ला लागू पडत नाही. मेसेज जेसन असेल तर मागे आलेला कचरा पाहून पार्सर बहुधा ओरडेल. सर्व्हर डीकोड न करता कच्च्या यूआरएलवरच सिग्नेचर तपासत असेल तर `%80` ही तीन साधी अक्षरं ठरतात आणि हिशोब जुळत नाही. काही फ्रेमवर्क `80` हा बाईट यूटीएफ-8 मध्ये बसत नाही म्हणून बदलून टाकतात, तिथेही तो वाया जातो. पण हे बचावणं योगायोगाचं. उद्या कुणी पार्सर बदलला की दार उघडं, आणि ज्याने बदलला त्याला कळणारही नाही.

सीक्रेट शेवटी जोडलं तर लांबी वाढवण्याचा हा प्रकार थांबतो, हे मान्य करावं लागेल. पण मग सगळी भिस्त टक्कर न होण्यावर येते: सारख्याच लांबीच्या दोन मेसेजचे आतले आकडे एकसारखे आले, की पुढे सीक्रेट काहीही असो, दोघांची सिग्नेचर एक. अशी जोडी घरबसल्या, सर्व्हरला हात न लावता शोधता येते. एमडी5 मध्ये ती सहज सापडते. शा-256 मध्ये आज कुणाच्या आवाक्यात नाही. मग चालेल का? चालेल, पण नीट गोष्ट तयार असताना हे कशासाठी?

शा-3 बद्दल मेसेज बरोबर बोलतोय. त्याची आतली अवस्था 1600 बिटांची असते आणि 256 बिटच बाहेर येतात, बाकीचं कुणाला दिसत नाही, म्हणून पुढे चालू ठेवता येत नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याने वर शा-256 वापरा म्हटलंय, शा-3 नव्हे. भावाच्या कोडमध्येही शा-256 च होतं.

आणि स्लो? एचमॅकचं वर्णन आरएफसी 2104 मध्ये आहे, फेब्रुवारी 1997 चं, थोडक्या पानांचं. फॉरवर्ड करण्याआधी तेवढं वाचलं असतं तरी पुरे होतं. सूत्र एवढंच:

```
H(K ^ opad || H(K ^ ipad || m))
```

की 64 बाईटपर्यंत शून्यांनी भरायची, एकदा `36` बाईटशी, तो ipad, आणि एकदा `5c` बाईटशी, तो opad, एक्सऑर करायची. भावाच्या 20 बाईटच्या मेसेजला आत दोन आणि बाहेर दोन अशा चार घुसळणी होतात, एकाऐवजी. त्यातल्या की च्या दोन एकदाच करून ठेवता येतात, असं त्याच आरएफसीत लिहिलंय. राहिल्या दोन. मेसेज मोठा असेल तर फरक जाणवतही नाही, कारण बाहेरच्या फेरीत मेसेज नसतोच, फक्त 32 बाईटचा हॅश असतो.

आणि हल्ला का अडतो तेही तिथेच दिसतं. मेसेज ज्या हॅशमध्ये जातो तो आतला, आणि तो बाहेर येतच नाही. बाहेर दिसतो तो वरचा. त्याचे आठ आकडे यंत्रात भरून पुढे चालवता येतात, पण निघणारं उत्तर ज्या इनपुटचं असेल तसं इनपुट तपासणारा कधी बनवतच नाही. त्याच्याकडे बाहेरच्या फेरीत नेमके 32 बाईट असतात, त्यामागे काही चिकटवायला जागा नाही.

भावाची दुरुस्ती दोन ओळींची झाली:

```python
sig = hmac.new(secret, msg, hashlib.sha256).hexdigest()
ok = hmac.compare_digest(sig, received)
```

दुसरी ओळ `==` ऐवजी आहे, कारण `==` पहिल्या चुकीच्या अक्षरावर थांबतं आणि त्या वेळेवरून अंदाज बांधता येतो. नवीन कोड टाकल्यावर तो म्हणाला, जुन्या लिंक महिनाभर चालू राहू देत, दोन्ही सिग्नेचर तपासतो. मी नको म्हटलं. जुनी पद्धत स्वीकारणं चालू आहे तोवर हल्ला करणारा जुनीच बनवून पाठवणार. जुन्या लिंक त्याने त्याच संध्याकाळी बंद केल्या आणि लोकांना नव्या पाठवल्या.