ताप उतरला, पण चेहरा उतरलेलाच

"फ्लू हा नाकाघशाचा आजार आहे, त्याचा मनाशी काही संबंध नाही. ताप उतरला की माणूस बरा झाला. त्यानंतर रडू येणं, छातीत धडधडणं, भीती वाटणं हे कमकुवत मनाचे खेळ. अंथरूण सोडा, कामाला लागा, डॉक्टरकडे जायची गरज नाही. पुढे पाठवा."

गेल्या पावसाळ्यात हा मजकूर मला तीन ग्रुपवरून आला. त्यातल्या एका ग्रुपवर निम्मे माझेच पेशंट आहेत, म्हणून उत्तर देते.

मनाशी संबंध आहे, आणि तो बहुतेक वेळा विषाणूमुळे नव्हे, तर त्याच्याशी चाललेल्या लढाईमुळे येतो. लढणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो, काही रक्तावाटे, काही छाती-पोटातून वर जाणाऱ्या व्हेगस नसेवाटे. पडून राहा, खाऊ नको, कुणात मिसळू नको, एवढाच तो निरोप. आजारी जनावर कळपातून बाजूला होऊन बसतं ते यामुळेच. आपण मात्र त्याला उदासी, चिडचिड, कशातच जीव न लागणं म्हणतो.

हे नुसतं तर्कट नाही. हिपॅटायटिस सीवर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. इंटरफेरॉन हेही एक सायटोकाइनच, फ्लूमध्ये आपलं शरीर ते स्वतः बनवतं. ती इंजेक्शनं महिनोन्‌महिने घेणाऱ्यांत साधारण चौघांमागे एकाला उपचार चालू असतानाच नैराश्य यायचं. पूर्वी कधी नैराश्य येऊन गेलं असेल तर धोका जास्त, हे खरं. पण आयुष्यात कधी खचली नव्हती अशी माणसंही त्यांत होती. तेव्हा 'कमकुवत मन' हा शब्द जरा जपून वापरा.

आता ताप उतरल्यानंतरचं. माझ्याकडे पंचेचाळिशीच्या एक शिक्षिका आल्या होत्या. चार दिवस ताप, सहाव्या दिवशी शाळेत हजर, आणि दहाव्या दिवशी माझ्यासमोर. "मॅडम, ताप गेला, पण मला उगाचच रडू येतं. रात्री छाती धडधडते, वाटतं आता काहीतरी होणार." ताप नव्हता, ऑक्सिजन ९८, नाडी ९६. मी औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगितली. (हे मी नेहमी करते, पेशंटला आवडो न आवडो.) त्यात माँटेल्युकास्ट आणि लेव्होसेट्रिझिनची सर्दी-ॲलर्जीवरची एकत्र गोळी रोज रात्री चालूच होती, आणि मेडिकलमधून स्वतःच आणलेली फिनाइलएफ्रिन असलेली सर्दीची गोळीही. माँटेल्युकास्टने काही जणांची झोप मोडते, भयानक स्वप्नं पडतात, मन खचतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. नाक मोकळं करणाऱ्या गोळीने धडधड वाढू शकते. वर दिवसाला पाच कप चहा, पोटात जेमतेम अर्धी पोळी.

माँटेल्युकास्ट दम्यावरही देतात. त्यांना दमा नव्हता, म्हणून दोन्ही गोळ्या बंद केल्या. ज्यांना दमा आहे त्यांनी हे स्वतःच्या मनाने करू नये. चहा दोन कपांवर आणला, आठवडाभर अर्धा दिवसच शाळा. तिसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा वर्गावर ओरडू लागल्या. यातलं कशाने किती फरक पडला, की नुसते दिवस गेल्यानेच बरं वाटलं, हे मी सांगू शकत नाही.

'कामाला लागा' यात थोडं तथ्य आहे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून राहिलं की रात्रीची झोप जाते आणि मन आणखी खाली जातं. पण फ्लूचा थकवा दोन आठवडे किंवा त्याहून जास्तही टिकतो. आज केलेल्या कामाने उद्या अंथरूण धरायला लागलं, तर तेवढं काम जास्त झालं. सकाळी उन्हात दहा मिनिटं चालणं, दुसऱ्या दिवशी तेवढंच, मग थोडं जास्त, इतकं पुरे.

डॉक्टरचं म्हणाल, तर मी दोन आठवडे मोजते. मन रोज थोडं तरी वर येत असेल तर वाट पाहू. जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटतंय, आवडती गोष्टही नकोशी झालीय, किंवा भीतीमुळे झोप आणि काम दोन्ही अडलंय, आणि दोन आठवड्यांत काही हललं नाही, तर या. पूर्वी नैराश्याचे उपचार झाले असतील किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर इतकंही थांबू नका.

तापात माणूस असंबद्ध बोलू लागला, घरच्यांना ओळखेना, जागाच होईना, तर ती उदासी नव्हे. तसंच दम लागला, छातीत दुखलं, ओठ निळसर दिसले, तर ती घाबरगुंडी समजू नका. दोन्हींत तडक हॉस्पिटल. आणि जगणं नको असा विचार डोकावला, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, आणि असं सांगणाऱ्या माणसाला घरच्यांनी एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी, मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.