'नुसतं बघून येऊ' म्हणून एसक्यूई-१ ला बसावं का?

"पूर्ण वेळ नोकरी आहे, तयारी अर्धीच झालीय. अंदाज यावा म्हणून एकदा बसून पाहू का?"

नको. इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटर होण्याच्या या परीक्षेत प्रत्येक पेपरला तीनच संधी आहेत. शिवाय पहिल्यांदा बसलात की सहा वर्षांचं घड्याळ सुरू होतं आणि त्यातच एसक्यूई-२ सुद्धा संपवायची असते. तिन्ही संधी गेल्या तर ती सहा वर्षं सरेपर्यंत थांबायचं, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. आधी पास केलेलंही धरत नाहीत.

अंदाज घरीच येतो. पेपरात १८० प्रश्न, ९० चे दोन भाग, प्रत्येकी १५३ मिनिटं. म्हणजे प्रश्नाला १०२ सेकंद. मी कामावरून आल्यावर रोज २० प्रश्न ३४ मिनिटांत सोडवायचो आणि बरे गुण पडायचे, म्हणून निर्धास्त होतो. एका रविवारी सलग ९० सोडवले, तेव्हा पहिल्या ३० त २३ बरोबर, शेवटच्या ३० त फक्त १५! चुकलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्याने पाहिले तर बहुतेकांची उत्तरं येत होती. कायदा येत होता, दम पुरत नव्हता. मग रोजचे २० कमी करून आठवड्याला दोनदा सलग ९० चालू केले (बायकोने रविवार माफ केला, हे महत्त्वाचं). शेवटचे ३० पहिल्या ३० च्या जवळ आले, तेव्हाच फॉर्म भरला.

एक पेपर गेला तर फक्त तोच पुन्हा द्यावा लागतो. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा सोडू नका.